चार्टवर भाव स्टॉपपर्यंत पोहोचलाच नाही, तरी डॉलर-येनचा शॉर्ट कसा उडाला?

पूर्वेकडचा
बुधवारी रात्री घेतलेल्या एका सौद्याचा हिशेब मला लागत नाही, म्हणून तो तपशिलासह येथे मांडतो. मी टोकियोत निशी-कासाईला राहतो आणि माझे खाते येथील नोंदणीकृत ब्रोकरकडे आहे. खात्यात ३ लाख येन होते. रात्री पावणेअकराच्या सुमारास मी डॉलर-येन १५०.००० ला शॉर्ट केला, म्हणजे भाव उतरेल या अंदाजाने आधी विकला. सौदा ४०,००० डॉलरचा होता, म्हणजे सुमारे ६० लाख येनचा, आणि त्यासाठी २ लाख ४० हजार येन मार्जिन अडकले. तोटा ठरलेल्या भावाला आपोआप थांबवणारा स्टॉप १५०.१०० ला, म्हणजे ०.०१ येनचा एक पिप या हिशेबाने दहा पिपवर ठेवला. एका पिपला ४०० येन या दराने स्टॉप लागला तरी तोटा ४,००० येनच होणार होता, आणि तो खात्याच्या दीड टक्क्याहूनही कमी आहे.

मध्यरात्रीनंतर भाव १४९.८८ पर्यंत उतरला, पहाटेपर्यंत पुन्हा वर आला आणि ६ वाजून ७ मिनिटांनी माझा सौदा १५०.१०८ ला बंद झाला. अडचण अशी आहे की चार्टवर रात्रभरातील सर्वांत वरचा भाव १५०.०३६ इतकाच दिसतो. शिवाय उताऱ्यात ४,३२० येनच्या तोट्याखाली स्वॅप, म्हणजे सौदा रात्रभर धरल्याचे व्याज, म्हणून आणखी १,९२० येन वजा झाले आहेत. चार हजारांची तयारी ठेवलेल्या माणसाचे ६,२४० येन गेले. ब्रोकरच्या जाहिरातीत स्प्रेड, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावांतील फरक, ०.२ पिप आहे. मग वरचे सात पिप कोठून आले, आणि एका रात्रीचा स्वॅप एवढा कसा झाला?

स्वप्नाली पुणे
हे उघड उघड स्टॉप टिपणे आहे. छोट्या ग्राहकांचे स्टॉप कोठे आहेत हे ब्रोकरला आपल्या पडद्यावर दिसत असते आणि पहाटे बाजारात कोणी नसताना तो भाव तेवढ्यापुरता ढकलतो. चार्टवर तो भाव नसणे हाच त्याचा पुरावा आहे. शिवाय स्वॅप वजा झाला की तो तुमच्या खरेदी-विक्रीच्या भावात मिसळतो, त्यामुळे तुमचा स्टॉप आपोआप जवळ येतो. १,९२० येन म्हणजे तुमच्या सौद्यात जवळजवळ पाच पिप झाले. दहा पिपच्या स्टॉपमधून पाच पिप असेच गेले असतील, तर कोडे सुटले.

गणूकाका
मी एका बँकेच्या परकीय चलन विभागात डीलर म्हणून अनेक वर्षे काम केले आहे आणि आता निवृत्त आहे. स्वप्नालीताईंच्या उत्तरातील एक गोष्ट बरोबर आहे, ती म्हणजे १,९२० येन हे या सौद्यात ४.८ पिपइतके होतात. पण स्वॅपमुळे स्टॉप सरकलेला नाही. स्वॅपची रक्कम खात्यातील शिलकीत वेगळी जमा किंवा वजा होते. स्टॉपची ऑर्डर मात्र भावावर लावलेली असते आणि ती १५०.१०० लाच उभी होती. त्या दोन गोष्टी एकाच पहाटे, सात मिनिटांच्या अंतराने घडल्या, म्हणून त्या एकच वाटतात.

आता मुख्य मुद्दा. पूर्वेकडचे, आपण पाहत असलेला चार्ट बहुधा बिडचा, म्हणजे विकणाऱ्याला मिळणाऱ्या भावाचा आहे. शॉर्ट सौदा बंद करायचा म्हणजे डॉलर परत विकत घ्यायचे, आणि विकत घेणारा आस्क भाव देतो. आपला स्टॉप आस्क १५०.१०० ला पोहोचताच लागणार होता आणि तसाच तो लागला. त्या क्षणी बिड कितीही खाली असला तरी आपल्या ऑर्डरला त्याचे सोयरसुतक नव्हते. आपल्या ब्रोकरकडे आस्कचा चार्ट किंवा टिक-नोंदी मिळत असतील तर ५:५० आणि ६:०७ या दोन वेळांचे बिड व आस्क येथे लिहा. मग अंदाजाने बोलावे लागणार नाही.

पूर्वेकडचा
काका, ॲपमध्ये बिड आणि आस्क असा पर्याय होता, तो मी कधी बदलला नव्हता. नोंदी अशा आहेत: ५:५० ला बिड १५०.०३०, आस्क १५०.०४०. ६:०७ ला बिड १५०.०२८, आस्क १५०.१०८. म्हणजे स्प्रेड आठ पिप झाला होता. पण मग बिड जागच्या जागी असताना आस्क एकट्यानेच वर गेला, हे संशयास्पद नाही का?

गणूकाका
तसे दिसते खरे, पण दोन्ही भावांचा मध्य काढून पाहा. ५:५० ला तो १५०.०३५ होता आणि ६:०७ ला १५०.०६८ होता. म्हणजे बाजार खरोखरच सव्वातीन पिपने वर सरकला होता. त्याच वेळी स्प्रेड एका पिपवरून आठ पिपांवर गेला आणि तो मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखा फाकला: साडेतीन पिप वर, साडेतीन पिप खाली. बिडच्या बाजूला बाजाराची चढण आणि स्प्रेडची ओढ यांनी एकमेकांना खोडून काढले, म्हणून बिडचा चार्ट सपाट राहिला. आस्कच्या बाजूला त्याच दोन हालचालींची बेरीज होऊन जवळजवळ सात पिप झाले. आपण विचारलेले सात पिप ते हेच.

म्हणून आपला दहा पिपचा स्टॉप प्रत्यक्षात किती दूर होता, ते मध्यभावावरून मोजायला हवे. सौदा घेताना मध्य १५०.००१ होता. स्प्रेड ०.२ असताना आस्क १५०.१०० होण्यासाठी मध्य १५०.०९९ पर्यंत जावा लागतो, म्हणजे ९.८ पिप. स्प्रेड आठ असताना मात्र मध्य १५०.०६० ला पोहोचला की आस्क १५०.१०० होतो, म्हणजे अंतर उरते ५.९ पिप. रात्रभर दहा पिपचा असलेला स्टॉप त्या पंधरा-वीस मिनिटांपुरता सहा पिपचा झाला होता, आणि डॉलर-येनमध्ये सहा पिपची हालचाल होण्यासाठी कोणतेही कारण लागत नाही.

स्प्रेड का फाकतो, याचे कारण घड्याळात आहे. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे ५ वाजले की चलनबाजाराचा दिवस बदलतो, यालाच रोलओव्हर म्हणतात. अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना जपानमध्ये तेव्हा सकाळचे ६ वाजलेले असतात आणि हिवाळ्यात ७. न्यूयॉर्कचे डीलर उठून गेलेले असतात, टोकियोचे अजून बसलेले नसतात, आणि मोठ्या बँका स्वतःच रुंद भाव देतात. ब्रोकर त्याच भावांवर आपला भाव उभारतो. त्याने यात स्वतःचे काही मिसळले की नाही, हे आपल्या दोन टिकांवरून सिद्ध करता येणार नाही आणि नाकारताही येणार नाही. त्याच मिनिटाचे आणखी दोन-तीन ब्रोकरांचे आस्क ताडून पाहिले आणि सर्वांचे भाव जवळपास तितकेच रुंद निघाले, तर संशय सोडावा. एकट्या यांचाच आठ आणि इतरांचा तीन निघाला, तर स्वप्नालीताईंच्या म्हणण्यात तथ्य आहे.

स्वप्नाली पुणे
स्वॅपबद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेते. पण ०.२ पिपची जाहिरात करायची आणि पहाटे आठ लावायचे, याला तरी काय म्हणावे?

ओसाकाकर
जपानमध्ये त्या जाहिरातीखाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हा स्प्रेड तत्त्वतः स्थिर आहे आणि अपवाद संभवतात. बऱ्याच ब्रोकरांकडे तो जाहीर स्प्रेड सकाळी ९ पासून पुढच्या पहाटे ३ पर्यंतच्या वेळेपुरताच असतो. पहाटे ३ ते ९ हा काळ जाहिरातीच्या बाहेरचा आहे. पूर्वेकडच्यांनी स्टॉप ठेवला तो रात्री पावणेअकराचा स्प्रेड पाहून, आणि तो लागला जाहिरातीच्या बाहेरच्या तासांत.

स्वॅपचेही सांगतो. १,९२० चा आकडा दहा हजार डॉलरमागे एका दिवसाला १६० येन या दराने तीन दिवसांचा आहे. डॉलर-येनचा व्यवहार दोन कामकाजी दिवसांनी पुरा होतो. बुधवारचा न्यूयॉर्क दिवस संपून सौदा गुरुवारात गेला की त्याची पुरी होण्याची तारीख शुक्रवारवरून थेट सोमवारवर जाते आणि शनिवार-रविवारचे व्याज त्यातच धरले जाते. जपानमध्ये ती गुरुवारची सकाळ असते. सौदा ६ वाजता उघडा होता म्हणून तीन दिवसांचा स्वॅप लागला आणि ६:०७ ला स्टॉप लागला. सौदा ५:५५ ला बंद झाला असता तर स्वॅप शून्य असता. अमेरिकेत किंवा जपानमध्ये सुट्टी आली की हा तिप्पट दिवस पुढे-मागे होतो, म्हणून ब्रोकरच्या स्वॅपच्या कॅलेंडरात किती दिवसांचा स्वॅप आहे तो रकाना पाहावा.

रानवारा
नाशिकहून लिहितो आहे. माझ्याकडे एक ॲप आहे, त्यात ५०० पट लीव्हरेज आणि शून्य स्प्रेड मिळतो. भरणा थेट यूपीआयने होतो. वरच्या सगळ्या कटकटी स्प्रेडच्या आहेत, तर शून्य स्प्रेडच्या खात्यात पाच पिपचा स्टॉप चालेल का? सोने घ्यावे की डॉलर-येन?

गणूकाका
आपला प्रश्न वेगळा आहे, पण त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला फेमा कायद्याखाली परकीय चलनाचे व्यवहार अधिकृत व्यक्तींमार्फत किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारांवरच करता येतात. परदेशी प्लॅटफॉर्मवर मार्जिन भरण्यासाठी परदेशी पैसे पाठवण्याच्या एलआरएस या योजनेखालीही पैसे पाठवता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून अनधिकृत प्लॅटफॉर्मची सावधानता यादी प्रसिद्ध केली आहे आणि ती वेळोवेळी वाढवली आहे. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असाही अर्थ होत नाही. पैसे यूपीआयने स्वीकारले जातात, यावरून तर काहीच सिद्ध होत नाही.

आता कायदा क्षणभर बाजूला ठेवून केवळ गणित पाहा, कारण ते याच धाग्याचे आहे. ५०० पट लीव्हरेज म्हणजे ०.२ टक्के मार्जिन. डॉलर-येन १५० ला असताना ते ३० पिपइतके होते. ज्याने खात्यातील सर्व रक्कम मार्जिनला लावली, त्याचे खाते ३० पिपांत शून्य होते, आणि निम्मे मार्जिन उरताच सौदा सक्तीने बंद होण्याची अट असेल तर १५ पिपांतच सौदा जातो. म्हणजे तेथे आपण स्टॉप ठेवला नाही तरी लीव्हरेजच स्टॉप ठेवून देते, आणि तोही घट्ट. जपानमध्ये व्यक्तीसाठी मर्यादा २५ पट आहे. २०१० मध्ये ती ५० पट करण्यात आली आणि २०११ पासून २५ पट. ४ टक्के मार्जिन म्हणजे १५० च्या भावाला ६०० पिप.

अपर्णा लंडन
गणूकाकांच्या शेवटच्या वाक्यावरून मला पूर्वेकडच्यांच्या प्रश्नातील न विचारलेला भाग दिसतो. मी ब्रिटनमध्ये आहे. येथे प्रमुख चलनजोड्यांना ३० पट मर्यादा आहे, म्हणजे फारसा फरक नाही, आणि येथेही हाच प्रकार रात्री १० वाजता घडतो. पूर्वेकडच्यांनी लीव्हरेजबद्दल काहीच विचारलेले नाही, पण दहा पिपचा स्टॉप त्यांनी का निवडला? त्यांनी आधी आकार ठरवला असणार: तीन लाखांत थोडी शिल्लक राखून जास्तीत जास्त किती बसते, तर ४०,००० डॉलर, म्हणजे वीस पट. मग त्या आकारावर चार हजारांपेक्षा जास्त तोटा नको, म्हणून स्टॉप दहा पिपवर आला. बाजाराने त्या रात्री किती हलणे स्वाभाविक होते, याचा त्या दहाशी काहीही संबंध नव्हता.

तेच ४,००० येन पणाला लावून १०,००० डॉलरचा सौदा केला असता, तर स्टॉप ४० पिपवर, १५०.४०० ला ठेवता आला असता. स्प्रेड आठ पिप झाला तरी मध्यभावाला तेथे पोहोचण्यासाठी ३५.९ पिप चालावे लागले असते. स्प्रेडने दोन्ही सौद्यांतून सारखेच चार पिप खाल्ले असते, पण दहातून चार जाणे आणि चाळीसातून चार जाणे यांत फरक आहे. शिवाय त्या सकाळचा स्वॅप १,९२० ऐवजी ४८० येन लागला असता. लीव्हरेज स्वतः स्टॉपला हात लावत नाही. ते आकार वाढवायला लावते, आकार स्टॉप घट्ट करायला लावतो, आणि घट्ट स्टॉपवर नेहमीचा, सर्वांना सारखाच असलेला स्प्रेड जड पडतो.

पूर्वेकडचा
ताई, आकार तसाच ठरवला होता हे खरे. पण एक शंका आहे. ४० पिपचा स्टॉप ठेवला तर नफ्याचे उद्दिष्टही तेवढेच लांब ठेवावे लागेल, नाहीतर चाळीस गमावून तीस मिळवायचा व्यवहार होईल. तेवढी हालचाल एका रात्रीत होत नाही. म्हणजे सौदा आठवडा-दीड आठवडा धरावा लागेल आणि रोज स्वॅप भरावा लागेल. मग वाचले काय?

ओसाकाकर
शंका रास्त आहे. शॉर्टला दिवसाला १.६ पिप या दराने दहा दिवसांचे १६ पिप होतात. चाळीस पिपच्या स्टॉपशी त्यांची तुलना केली तर ते ४० टक्के झाले. घट्ट स्टॉपला स्प्रेडने जेवढे आकसवले, जवळजवळ तेवढेच सैल स्टॉपला स्वॅप दहा दिवसांत खातो. फरक एवढाच की स्वॅपमुळे सौदा बाहेर फेकला जात नाही. उद्दिष्ट गाठले तर नफा तेवढ्याने कमी होतो आणि स्टॉप लागला तर तोटा ४,००० ऐवजी ५,६०० येन होतो.

येथे आणखी एक छुपा खर्च आहे. माझ्या ब्रोकरकडे याच आठवड्यात दहा हजार डॉलरच्या लाँगला, म्हणजे खरेदीच्या सौद्याला, दिवसाला १३० येन मिळत होते आणि शॉर्टला १६० येन द्यावे लागत होते. मधल्या ३० येनांचा फरक दिवसाला ०.३ पिप होतो, जाहिरातीतील ०.२ च्या स्प्रेडपेक्षा जास्त, आणि तो रोज लागतो. टोकियोच्या वित्तीय एक्स्चेंजवर जो क्लिक ३६५ चा बाजार आहे, तेथे लाँगला मिळणारा आणि शॉर्टला द्यावा लागणारा स्वॅप एकच असतो. तेथे स्प्रेड मात्र बाहेरच्या ब्रोकरांपेक्षा रुंद असतो. एका रात्रीच्या सौद्याला बाहेरचा ब्रोकर स्वस्त पडतो आणि महिनाभराच्या सौद्याला एक्स्चेंज स्वस्त पडू शकते. मधली सीमा कोठे आहे, ते त्या आठवड्याच्या दरांवर अवलंबून असते.

स्वप्नाली पुणे
मग उपाय सोपा आहे. रोलओव्हरच्या वेळी वीस मिनिटांसाठी स्टॉप काढून ठेवायचा आणि स्प्रेड पूर्ववत झाला की परत लावायचा. मी काही जणांना हे करताना पाहिले आहे.

गणूकाका
असे करणारे लोक मीही पाहिले आहेत, आणि ३ जानेवारी २०१९ नंतर त्यांतील काहींना पुन्हा पाहिले नाही. त्या दिवशी जपानमध्ये नववर्षाची सुट्टी होती. टोकियोच्या वेळेनुसार सकाळी साडेसातच्या सुमारास, म्हणजे हिवाळ्यातील रोलओव्हरनंतर अर्ध्या तासाने, डॉलर-येन काही मिनिटांत १०९ च्या जवळून १०५ च्या खाली गेला. ऑस्ट्रेलियन डॉलर आणि तुर्की लिरा यांचे येनमधील भाव तर त्याहून अधिक कोसळले, आणि स्वॅप मिळतो म्हणून जपानमधील हजारो घरगुती गुंतवणूकदार त्याच जोड्यांत लाँग बसलेले होते. स्प्रेड फाकतो तो बाजार विरळ असल्यामुळे आणि भाव कोसळतो तोही त्याच विरळपणामुळे. म्हणून स्टॉप काढण्याची वेळ आणि स्टॉपची सर्वाधिक गरज असण्याची वेळ एकच ठरते.

पूर्वेकडचे शॉर्ट होते, त्यामुळे त्या दिवशी त्यांना फायदाच झाला असता, हे मान्य. पण भाव उलट्या दिशेने तसाच धावू शकत नाही, असे कोणी लिहून दिलेले नाही. शिवाय ब्रिटनमध्ये शिल्लक शून्याखाली जाऊ न देण्याचे संरक्षण ग्राहकाला आहे, जपानमध्ये ते नाही. तेथे खाते शून्याखाली गेले तर उरलेली रक्कम ग्राहकाला भरावी लागते, कारण ब्रोकरने ग्राहकाचा तोटा स्वतः सोसण्यास तेथील कायद्यात मनाई आहे.

अपर्णा लंडन
येथे काही ब्रोकर हमीचा स्टॉप देतात, म्हणून तोही पर्याय सांगते. त्यासाठी वेगळे शुल्क पडते; काही ब्रोकर ते आधी घेतात, तर काही स्टॉप लागला तरच घेतात. लोकांचा एक गैरसमज असतो. हमी असते ती ठरलेल्या भावाला बाहेर काढण्याची, म्हणजे १५०.१०० चा स्टॉप १५०.१०८ ला बंद होणार नाही. स्प्रेड फाकल्यामुळे स्टॉप लागण्यापासून मात्र ती वाचवत नाही. पूर्वेकडच्यांचे त्यामुळे ०.८ पिप, म्हणजे ३२० येन वाचले असते आणि शुल्क बहुधा त्याहून जास्त गेले असते. शिवाय अशा स्टॉपला किमान अंतराची अट असते, त्यामुळे फार घट्ट स्टॉप त्यात बसतच नाही.

माझ्या मते रात्री सौदा घेणाऱ्याने तो रोलओव्हरच्या आधी बंद करावा. सौदा पुढेही हवा असेल तर सकाळी ९ नंतर पुन्हा घ्यावा. बंद करून परत घेण्याचा जादा खर्च एका ०.२ च्या स्प्रेडचा, म्हणजे ४०,००० डॉलरवर ८० येन. तो न केल्यामुळे त्या गुरुवारी स्वॅपचेच १,९२० गेले. मधल्या सहा तासांत भाव आपल्या बाजूने पळाला तर ती संधी जाते, हे मान्य करूनच हा सल्ला देते.

पूर्वेकडचा
पहाटे ३ वाजता उठणे नोकरीमुळे मला शक्य नाही. पण माझ्या ॲपमध्ये ठरलेल्या वेळी सौदा बंद करणारी ऑर्डर आहे, ती पहाटे २:५० ला लावून पाहीन. त्या बुधवारी तसे केले असते तर, नोंदी पाहता, तेव्हा आस्क १४९.९४ च्या आसपास होता आणि सहा पिपचा नफा पदरात पडला असता. एका रात्रीवरून नियम ठरवता येत नाही, हे मला कळते. दुसरे म्हणजे १०,००० डॉलर आणि ४० पिप ही मांडणी मी दर सोमवारी रात्रीच्या सौद्यांसाठी वापरेन, कारण तेव्हापासून बुधवारच्या तिप्पट स्वॅपापर्यंत दोनच रात्रींचा स्वॅप पडतो.

एका गोष्टीबाबत मात्र मी अजून साशंक आहे. शॉर्टचा स्टॉप लागण्यासाठी आस्कऐवजी बिड पाहावा, असा पर्याय काही ब्रोकर देतात, असे मी ऐकले आहे. तो असता तर १५०.०२८ च्या बिडला माझा सौदा जिवंत राहिला असता ना?

ओसाकाकर
माझ्याकडे तो पर्याय आहे आणि मी तो वापरतो. आपला सौदा त्या सकाळी खरोखरच वाचला असता. स्प्रेड सातच्या आधीच एका पिपवर आला होता, असे माझ्या नोंदीत दिसते.

गणूकाका
वाचला असता, पण त्याची किंमत पाहून ठेवा. तो पर्याय स्टॉप केव्हा लागेल एवढेच बदलतो. खरेदी तरीही आस्कलाच होते. स्प्रेड आठ असताना बिड १५०.१०० ला पोहोचला असता, तर सौदा १५०.१८० ला बंद झाला असता. दहा पिपच्या स्टॉपवर अठरा पिपचा तोटा, म्हणजे ४०,००० डॉलरवर ७,२०० येन, आणि स्वॅप वेगळा. विरळ बाजारात स्टॉप उशिरा लागावा असे म्हणणे हे त्याच बाजारात जास्त महाग भावाला खरेदी करण्यास तयार असण्यासारखे आहे.

ओसाकाकर
काका, हिशेब बरोबर आहे, पण तो ४०,००० डॉलरचा आहे. माझा सौदा १०,००० चा आणि स्टॉप ४० पिपचा असतो. मला आठ पिप जास्त गेले तर ८०० येन जातात, आणि वीस मिनिटांच्या फाकलेल्या स्प्रेडमुळे चांगला सौदा हातचा जाणे मला त्याहून महाग वाटते. वीस पटीच्या आकारावर मी तो पर्याय निवडला नसता.

अपर्णा लंडन
४० पिपच्या स्टॉपला स्प्रेड फाकल्याने चारच पिपांचा फरक पडतो, हे आपण वर पाहिले. मग आपल्याला बिडच्या पर्यायाची गरज तरी किती वेळा पडते? आपल्या नोंदींत आस्कने स्टॉप ओलांडला आणि बिडने ओलांडला नाही, अशा सकाळी मोजून येथे लिहाल का? त्या चार-पाचच असतील, तर मी काकांच्या बाजूची आहे.

ओसाकाकर
शनिवारी नोंदी काढतो. त्यात हिवाळ्यातील ७ वाजताच्या आणि उन्हाळ्यातील ६ वाजताच्या सकाळी वेगळ्या दाखवीन, कारण माझ्या पाहण्यात दोन्हींत स्प्रेड सारखा फाकत नाही.